दोन गोळ्या सारख्या आहेत हे ठरवतं कोण?

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण घरात कुणाला रोजची गोळी चालू असेल तर सावकाश वाचा.

मागच्या महिन्यात मावशीकडे गेलो होतो. तिला प्रेशर, शुगर आणि कोलेस्टेरॉल, तिन्हीची औषधं चालू आहेत. सहज प्रेशर मोजलं तर १७२ बाय ९८. म्हटलं, "मावशी, गोळ्या घेतेस ना?" तर म्हणाली, "घेते की. एक दिवसाआड." का, तर महिन्याचं औषधांचं बिल झेपत नाही. मी म्हटलं, "मग जनऔषधीतून आण ना." त्यावर तिचं उत्तर असं: "ते स्वस्तातलं काय लागू पडणार रे? त्यापेक्षा चांगल्या कंपनीची दिवसाआड घेतलेली बरी."

हे ऐकून मला तिचा राग आला नाही. मी काही वर्षं औषधांची तुलना करणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलंय, त्यामुळे एक गोष्ट मला ठाऊक आहे. मावशीची शंका एके काळी अगदी खरी होती. ती खरी होती म्हणूनच तिच्यावर उपाय शोधला गेला. तो इतिहास आपल्याकडे कुणी सांगत नाही, म्हणून आज लिहितोय.

गोष्ट सुरू होते न्यूयॉर्कमध्ये, १९७१ साली. औषधाचं नाव डिगॉक्सिन. डिजिटॅलिस नावाच्या फुलझाडापासून मिळणारं हे हृदयाचं औषध. त्या झाडाचा हृदयविकारावरचा उपयोग विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्येच लिहून ठेवला होता. औषध गुणी, पण फार नाजूक. रक्तात थोडं कमी पडलं तर उपयोग नाही. थोडं जास्त झालं तर मळमळ सुरू होते, डोळ्यांना पिवळं दिसायला लागतं आणि शेवटी हृदयाचे ठोकेच बिघडतात. म्हणजे गुण आणि विष यांत अंतर फार कमी.

जॉन लिंडेनबाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात मिळणाऱ्या डिगॉक्सिनच्या वेगवेगळ्या गोळ्या घेतल्या. सगळ्यांवर औषधाचं प्रमाण सारखंच छापलेलं. त्यांनी चार निरोगी माणसांना त्या आळीपाळीने दिल्या आणि दर वेळी रक्त तपासलं. एका गोळीने रक्तात जेवढं औषध चढलं, त्याच्या जवळजवळ सातपट दुसरीने चढलं. सातपट! त्याहून वाईट म्हणजे एकाच कंपनीच्या दोन बॅचमध्येसुद्धा ठळक फरक निघाला.

औषधात भेसळ होती का? नाही. मग असं का व्हावं?

घरातलं उदाहरण घ्या. एक चमचा पिठीसाखर आणि तेवढ्याच वजनाची खडीसाखर दोन पेल्यांत टाका. साखर दोन्हीत तेवढीच, पण पिठीसाखर बघता बघता विरघळते आणि खडीसाखर तळाशी बसून राहते. गोळीचंही तसंच. गोळी पोटात गेली म्हणजे औषध रक्तात गेलं असं नाही. आधी गोळी फुटली पाहिजे, मग आतलं औषध विरघळलं पाहिजे, तेव्हा कुठे ते आतड्यातून रक्तात उतरतं. औषधाचे कण किती बारीक दळलेत, गोळी किती दाबून बनवलीय, भर म्हणून आत काय घातलंय, यावर हा सगळा प्रवास अवलंबून असतो. डिगॉक्सिन पाण्यात मुळातच कमी विरघळतं, म्हणून दळण्यातला फरक थेट रक्तात दिसला.

आणि हे फक्त स्वस्त कंपन्यांचं झालं असं समजू नका. १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये डिगॉक्सिनच्या सर्वांत नावाजलेल्या ब्रँडने, लॅनॉक्सिनने, गोळी बनवण्याच्या पद्धतीत बदल केला. नाव तेच, प्रमाण तेच, पण रक्तात जाणारं औषध जवळपास दुप्पट झालं. डॉक्टरांना सावध करावं लागलं. म्हणजे नाव मोठं असणं ही कसली हमी नव्हती.

त्या काळापर्यंत 'दोन गोळ्या सारख्या' याचा अर्थ होता की दोन्हींत छापलंय तेवढं औषध आहे. १९७१ नंतर लक्षात आलं की हे पुरेसं नाही. गोळीत किती आहे हे विचारून भागत नाही, रक्तात किती आणि किती वेगाने पोहोचतं हे विचारलं पाहिजे. यातूनच बायोइक्विव्हलन्स, मराठीत जैवसमतुल्यता, ही कल्पना पक्की झाली आणि १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिचे नियम केले.

आता ही चाचणी प्रत्यक्षात होते कशी ते सांगतो, कारण सगळ्या गैरसमजाचं मूळ इथे आहे. मावशीची प्रेशरची गोळी, अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, हीच घेऊ.

समजा, चोवीस निरोगी माणसं आली. रात्रभर, किमान दहा तास, उपाशी. सकाळी अर्ध्यांना मूळ ब्रँडची गोळी, अर्ध्यांना नवी गोळी, तीही मोजून २४० मिलिलिटर पाण्याबरोबर. पाणीसुद्धा मोजून द्यायचं, कारण त्यानेही विरघळण्यात फरक पडतो. मग ठरलेल्या वेळांना रक्त काढायचं. पहिला नमुना गोळीच्या आधी, नंतर साधारण तासातासाला आणि पुढे अंतर वाढवत तीन दिवसांपर्यंत. प्रत्येक नमुन्यात किती औषध आहे ते यंत्रावर मोजायचं.

मग थांबायचं. अॅम्लोडिपिन शरीरातून फार हळू जातं. रक्तातलं निम्मं कमी व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे आधीच्या गोळीचा अंश पूर्ण संपावा म्हणून दोन-तीन आठवडे जाऊ द्यायचे. नंतर तीच माणसं पुन्हा येतात आणि अदलाबदल होते. ज्याला आधी मूळ गोळी मिळाली त्याला आता नवी, ज्याला नवी मिळाली त्याला मूळ. म्हणजे प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. रामरावांचं पोट आणि श्यामरावांचं पोट यांतला फरक हिशेबात घुसत नाही.

शेवटी दोन आकडे बघायचे. रक्तात औषध जास्तीत जास्त कितीवर चढलं हा एक. आणि एकूण मिळून किती औषध शरीराला मिळालं हा दुसरा. नव्या गोळीचा आकडा मूळ गोळीच्या तुलनेत किती टक्के आला ते काढायचं.

इथेच तो प्रसिद्ध नियम येतो, ८० ते १२५ टक्के. व्हॉट्सअॅपवर फिरणारा मेसेज तुम्ही पाहिला असेल: 'जेनेरिकमध्ये २० टक्के कमी औषध चालतं!' हे साफ चूक आहे. पहिली गोष्ट, गोळीतल्या औषधाशी या आकड्यांचा संबंध नाही. गोळीत औषध छापल्याप्रमाणेच असावं लागतं आणि त्यात जी थोडीशी सूट असते ती ब्रँडलाही तेवढीच असते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ८० ते १२५ मध्ये सरासरी बसून चालत नाही. माणसामाणसांत फरक पडतो म्हणून सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा धरतात. 'खरा आकडा बहुधा या पट्ट्यात असेल', अशा अर्थाचा. तो आख्खा पट्टा त्या हद्दीच्या आत असावा लागतो.

उदाहरण बघा. एका गोळीची सरासरी ९७ आली आणि पट्टा ९२ ते १०२. पास. दुसरीची सरासरी ८८ आली आणि पट्टा ७८ ते ९९. सरासरी ८८ म्हणजे हद्दीच्या बरीच आत दिसते, तरीही नापास. कारण पट्ट्याचं खालचं टोक ८० च्या खाली गेलं. म्हणजे व्यवहारात पास व्हायचं तर सरासरी १०० च्या जवळच असावी लागते. १२५ का, हेही सांगतो. एक गोळी दुसरीच्या ८० टक्के असेल तर उलट बाजूने दुसरी पहिलीच्या १२५ टक्के होते. एकाच हद्दीची ही दोन टोकं.

हे नुसतं कागदावर नाही. अमेरिकेत १९९६ ते २००७ या काळात मंजूर झालेल्या जेनेरिकच्या २,०७० चाचण्यांचा एकत्र हिशेब २००९ मध्ये छापून आला. शरीराला मिळालेल्या एकूण औषधात मूळ ब्रँड आणि जेनेरिक यांच्यातला सरासरी फरक होता साडेतीन टक्क्यांच्या आसपास. त्याआधी २००८ मध्ये हृदयरोगाच्या औषधांवरच्या सत्तेचाळीस अभ्यासांचा आढावा घेतला गेला. ब्रँड सरस असल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. मात्र त्याच विषयावरच्या संपादकीय लेखांपैकी निम्म्याहून अधिकांचा सूर जेनेरिकच्या विरोधात होता. म्हणजे आकडे एक सांगत होते आणि मत देणारे दुसरंच.

मग स्वस्त कसं मिळतं? त्यासाठी १९८४ चा अमेरिकी कायदा बघावा लागतो, हॅच-वॅक्समन नावाचा. त्याआधी पेटंट संपलं तरी नव्या कंपनीला बहुतेक औषधांसाठी हजारो रोग्यांवरच्या महागड्या चाचण्या पुन्हा कराव्या लागत. कायद्याने सांगितलं, औषध गुणकारी आहे हे एकदा सिद्ध झालंय. आता फक्त तुमची गोळी रक्तात तेवढंच औषध पोहोचवते हे दाखवा. तेव्हा अमेरिकेत दर शंभर औषधांच्या चिठ्ठ्यांमागे एकोणीसच्या आसपास जेनेरिक असत, आज नव्वदच्या आसपास आहेत. स्वस्ताई आली ती न करायला लागलेल्या चाचण्यांच्या आणि जाहिरातीच्या खर्चातून. औषध कमी घालून ती आलेली नाही.

यात चोऱ्या झाल्या नाहीत का? झाल्या. १९८९ मध्ये अमेरिकेत मोठं प्रकरण बाहेर आलं. काही अधिकाऱ्यांनी लाच घेतली होती. एका कंपनीने तर चाचणीसाठी स्वतःची म्हणून चक्क मूळ ब्रँडचंच औषध दिलं होतं. आता मूळ औषधाची मूळ औषधाशीच तुलना केल्यावर ते पास होणारच! त्यानंतर नियम झाला की चाचणीत वापरलेल्या गोळ्यांचा राखीव साठा प्रयोगशाळेने पाच वर्षं स्वतःकडे जपून ठेवायचा, म्हणजे कधीही येऊन तपासता येईल. आमच्याकडे त्यासाठी कुलपाची वेगळी खोली होती. ती खोली का आहे हे नव्या पोरांना सांगायचं काम माझ्याकडे असायचं.

आणि कधी रोग्याची तक्रार खरीही निघते. २०१२ मध्ये अमेरिकेत नैराश्यावरच्या बुप्रोपिऑन या औषधाची एक जेनेरिक गोळी मागे घ्यावी लागली. ती हळूहळू औषध सोडणारी गोळी होती. चाचणी १५० मिलिग्रॅमच्या गोळीवर झाली होती आणि त्यावरून ३०० ची गोळीही ठीक असेल असं धरून चाललेले. लोक तक्रार करत राहिले. शेवटी ३०० चीच चाचणी केली तर ती नापास. चाचणी फसवी नव्हती, ती केलीच नव्हती. हा फरक लक्षात ठेवा, कारण आता आपल्या देशाकडे येतोय.

आपल्याकडे 'ब्रँड की जेनेरिक' हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. अॅम्लोडिपिन मूळ शोधलं फायझरने. मावशी ज्या 'चांगल्या कंपनी'ची गोळी मागते ती फायझरची नाही. म्हणजे तिची महागडी गोळीसुद्धा नक्कलच आहे, फक्त तिला नाव चढवलंय. याला ब्रँडेड जेनेरिक म्हणतात आणि आपल्या मेडिकलच्या फडताळांवर बहुतेक माल हाच असतो.

असं झालं त्याला कारण १९७० चा पेटंट कायदा. त्याने औषधावरचं पेटंट काढून फक्त बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट ठेवलं. वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवायला मोकळीक मिळाली. त्यातून आपला औषध उद्योग उभा राहिला आणि २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीची औषधं दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केली ती याच ताकदीवर. पण प्रत्येक कंपनीने आपापलं नाव लावलं आणि एका औषधाला डझनावारी नावं झाली. १९७५ च्या हाथी समितीने ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने काढून टाका असं सुचवलं होतं. ते काही झालं नाही.

आणि इथे एक कबुली दिली पाहिजे. आपल्याकडे बरीच वर्षं नियम असा होता की नवं औषध देशात आल्यावर पहिली चार वर्षं नक्कल करणाऱ्याला बायोइक्विव्हलन्स दाखवावी लागे. चार वर्षांनंतर राज्याच्या औषध प्रशासनाकडून परवाना मिळे आणि ही चाचणी सक्तीची नसे. एप्रिल २०१७ मध्ये नियम बदलला. जी औषधं पाण्यात कमी विरघळतात, म्हणजे डिगॉक्सिनसारखी, खडीसाखरेच्या जातीची, त्यांच्या नव्या परवान्यासाठी चाचणी सक्तीची झाली.

म्हणजे चाचणीशिवाय बाजारात आलेल्या गोळ्या आपल्याकडे असू शकतात. पण मुद्दा नीट बघा. ही फट स्वस्त गोळीला होती तशीच महाग गोळीलाही होती. स्ट्रिपवर मोठं नाव छापलं म्हणून कुणी ती चाचणी केली असं होत नाही. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. 'विक्री अमुक कंपनीची, उत्पादन तमुक कारखान्याचं' असं बऱ्याचदा सापडेल. तोच कारखाना दुसऱ्या नावानेही गोळ्या बनवत असतो. मधली जास्तीची किंमत जाते ती एमआरच्या फौजेवर, जाहिरातीवर आणि नफ्यावर.

दुसऱ्या टोकाला, दुकानदार 'जेनेरिक' म्हणून देतो त्या गोळीवरही कधी कधी एमआरपी भरमसाट छापलेली असते आणि फायदा दुकानदाराला जातो. जनऔषधीत तसं होत नाही, छापील किंमतच कमी असते. तिथला माल निविदा काढून घेतला जातो आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते. ती तपासणी गोळीतल्या औषधाची असते, माणसाच्या रक्तातली नसते, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण मेडिकलमधल्या महागड्या स्ट्रिपबद्दलही तुमच्या हातात यापेक्षा जास्त काही नसतं. केंद्रीय औषध प्रशासन दर महिन्याला निकृष्ट ठरलेल्या बॅचची यादी जाहीर करतं. ती बघा, त्यात नावाजलेले ब्रँडही सापडतील.

मग आपण करायचं काय? ज्या औषधाचा परिणाम घरी किंवा लॅबमध्ये मोजता येतो, तिथे भांडायची गरजच नाही. मोजा. प्रेशरची गोळी बदलली तर आधी आठवडाभर आणि नंतर दोन-तीन आठवडे प्रेशर लिहून ठेवा. शुगर असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी करा. आकडा तोच राहिला तर गोळी काम करतेय, किंमत काहीही असो.

काही औषधं मात्र डिगॉक्सिनच्या घरातली आहेत, जिथे थोडा फरकही महागात पडतो. फिट येण्यावरच्या गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, थायरॉइडची गोळी, किडनी बदलल्यानंतरची औषधं. काही देशांत यातल्या काही औषधांसाठी ८० ते १२५ ऐवजी ९० ते १११ अशी कडक हद्द लावतात. ही स्वस्त कंपनीची घेऊ नका असं मी म्हणत नाही. एक कंपनी धरा आणि तीच ठेवा. बदलायची वेळ आली तर डॉक्टरांना सांगून बदला आणि रक्त तपासून घ्या. हे महागातून महागात बदलतानाही लागू आहे.

आणि एक धोका, जो मी घराघरांत पाहिलाय. नवी गोळी आणली, जुनी स्ट्रिप डब्यात तशीच राहिली. नावं वेगळी, रंग वेगळा. आजोबांना वाटतं दोन वेगळी औषधं आहेत आणि ते दोन्ही घेतात. बदल करताना जुनी स्ट्रिप डब्यातून बाहेर काढा आणि नव्या स्ट्रिपवर पेनाने मोठ्या अक्षरात 'प्रेशर' असं लिहा.

मावशीला मी हा सगळा इतिहास सांगितला नाही. दोन स्ट्रिपा समोर ठेवल्या, त्यावरचं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम तिला वाचायला लावलं. म्हटलं, "तुझ्या कंपनीची दिवसाआड घेतेस तेव्हा तुला निम्मंच औषध मिळतंय. जनऔषधीची सगळ्यांत वाईट बॅच निघाली तरी एवढं कमी पडणार नाही. महिनाभर रोज घे आणि वहीत प्रेशर लिही. नाही उतरलं तर तुझी कंपनी खरी." डॉक्टरांनाही फोन करून सांगितलं, ते हो म्हणाले.

परवा तिने वही दाखवली. शेवटच्या आठवड्यातलं प्रेशर १३६, १३२, १३८. गोळी बदलली म्हणून नाही उतरलं. ती रोज घेतली जातेय म्हणून उतरलं, आणि रोज घेणं आता तिला परवडतंय.

तुमच्या घरातल्या एका स्ट्रिपची मागची बाजू आज वाचा. उत्पादक कोण निघाला ते कमेंटमध्ये लिहा.